बिन रिकामी केली, जागा मात्र सुटेना: घरच्या स्टोरेजवरच्या १.१ टीबीची गोष्ट

दादाचा फोन आला तेव्हा तो खरोखर घाबरलेला होता. “अरे, डिस्कच छोटी झालीये,” तो म्हणाला. “काल ३.२८ टीबी दिसत होती, आज २.१८ दिसतेय. आणि मोकळी जागा तेवढीच, ५८ जीबी. मी तर नुसती रिसायकल बिन रिकामी केली!”

दादा माझा मामेभाऊ. त्याच्या घरचं स्टोरेज मीच तीन वर्षांपूर्वी लावून दिलं होतं. एक लहानसं लिनक्स मशीन, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या जोडलेल्या, वर ओपनझेडएफएस ही फाइल सिस्टिम, आणि घरातल्या विंडोज लॅपटॉपांना फोल्डर दिसावा म्हणून साम्बा. स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी सगळ्या फाइली जशा होत्या त्याचं गोठवलेलं चित्र, आणि त्यांचं वेळापत्रकही माझंच. रोज मध्यरात्री एक घ्यायचा आणि ३० दिवस ठेवायचा, शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला एक वेगळा घ्यायचा आणि तो सहा महिने ठेवायचा. साम्बाची रिसायकल बिनही मीच चालू केली होती. त्यामुळे जे घडलं त्याचं उत्तर शोधणं माझ्याकडेच होतं.

घडलं असं होतं. २० एप्रिलला दादाने कॅमेऱ्यातले जुने-नवे सगळे व्हिडिओ, साधारण १.१ टीबी, स्टोरेजवर टाकले. त्याने डिस्क जवळजवळ भरली. मग त्याने एक नवी यूएसबी डिस्क आणली, व्हिडिओ तिच्यावर कॉपी केले आणि १५ मेला स्टोरेजवरचा `video` फोल्डर लॅपटॉपवरून डिलीट केला. मोकळी जागा हलली नाही. तीन दिवस वाट पाहून १८ मेच्या सकाळी त्याने बिनमधलं सगळं उडवलं. जागा तरीही हलली नाही, आणि वर डिस्क ‘छोटी’ झाली.

“दादा, आता काहीही डिलीट करू नकोस,” मी म्हटलं. “आणि ती यूएसबी डिस्क मशीनला लावून ठेव.” तो म्हणत होता की सगळ्यात जुने स्नॅपशॉट उडवले तर जागा सुटेल, माझ्या जुन्या टिपणात कमांड आहेच. तो थांबला म्हणून या प्रकरणाचा शेवट बरा झाला.

जागा कुठे होती

मी लांबून त्याच्या मशीनवर लॉगिन केलं आणि पहिली कमांड ही दिली:

```
zfs list -o space tank/ghar
```

उत्तरात तीन आकडे कामाचे होते. `AVAIL` म्हणजे मोकळी जागा, ५८.३ जीबी. `USEDDS` म्हणजे फाइली आज जशा दिसतात त्यांनी व्यापलेली जागा, २.१३ टीबी. आणि `USEDSNAP` म्हणजे फक्त स्नॅपशॉटमुळे अडकलेली जागा, १.३१ टीबी. बिन रिकामी करण्याआधी हेच आकडे ३.२३ टीबी आणि २१४ जीबी असे असणार. बेरीज दोन्ही वेळा तीच, ३.४४ टीबी. म्हणजे दादाने बिन रिकामी केली तेव्हा १.१ टीबी एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात जमा झाले. सुटलं काहीच नाही.

डिस्क छोटी दिसण्याचं कारणही इथेच आहे. झेडएफएस एखाद्या डेटासेटचा, म्हणजे आमच्या `tank/ghar` सारख्या स्वतंत्र विभागाचा, ‘एकूण आकार’ बाहेर सांगताना आजच्या फाइली अधिक मोकळी जागा एवढंच सांगतं. स्नॅपशॉटमध्ये अडकलेली जागा त्या बेरजेत येत नाही. आजच्या फाइली १.१ टीबीने घटल्या, मोकळी जागा वाढली नाही, म्हणून विंडोजला एकूण आकारच तेवढा कमी दिसला. डिस्क खराब झाल्याचं हे लक्षण अजिबात नाही. उलट, डिलीट केल्यावर एकूण आकार घटला तर जागा स्नॅपशॉटने धरून ठेवली आहे असं बेलाशक समजावं.

आता दोन्ही पायऱ्या नीट पाहू. साम्बाची बिन म्हणजे त्याच डेटासेटवरचा एक लपवलेला फोल्डर. आमच्याकडे त्याचं नाव `.recycle`, आणि त्यात प्रत्येकाचा वेगळा उपफोल्डर. लॅपटॉपवरून फाइल डिलीट केली की साम्बा ती फक्त तिथे सरकवतो. डेटा जागचा हलत नाही, बदलतो तो फक्त पत्ता. त्यामुळे १५ तारखेला जागा सुटणं शक्यच नव्हतं.

स्नॅपशॉटचं तसं नाही. तो कुठल्या एका फोल्डरचा नसतो, अख्ख्या डेटासेटचा असतो, आणि बिन त्याच डेटासेटमध्ये असल्याने ती पण त्यात आली. फाइल खरोखर पुसली जाते तेव्हा झेडएफएस बघतं की तिचे ब्लॉक एखाद्या स्नॅपशॉटला अजून हवे आहेत का. हवे असतील तर ते तसेच राहतात. व्हिडिओ २० एप्रिलच्या संध्याकाळी आले, म्हणून २१ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून १८ मेच्या मध्यरात्रीपर्यंतच्या रोजच्या २८ स्नॅपशॉटांत ते होते, आणि १ मेच्या मासिक स्नॅपशॉटमध्येही. एकूण २९ जणांनी तेच ब्लॉक धरून ठेवले होते.

आम्ही काहीच केलं नसतं तर? रोजचे स्नॅपशॉट जूनच्या मध्यापर्यंत आपोआप गळून पडले असते, पण १ मेचा मासिक स्नॅपशॉट सहा महिने राहणार होता. म्हणजे जागा सुटायला १ नोव्हेंबर उजाडला असता. बिनचे दिवस आणि स्नॅपशॉटचे दिवस यांची बेरीज होते, हे वेळापत्रक लावताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एकेक स्नॅपशॉट बघून काही कळत नाही

दादाने विचारलं, “मग सगळ्यात जड स्नॅपशॉट कुठला ते बघ आणि तेवढा उडव.” प्रश्न रास्त होता. मी यादी काढली:

```
zfs list -t snapshot -o name,used,refer tank/ghar
```

`USED` च्या रकान्यात कुठेही १.१ टीबी नव्हते. सगळ्यात मोठा आकडा ९.८ जीबी. बहुतेक काही एमबीचे, आणि १ मेचे दोन्ही स्नॅपशॉट, रोजचा आणि मासिक, चक्क शून्य.

इथे भलेभले फसतात. स्नॅपशॉटसमोरचा `USED` म्हणजे त्या स्नॅपशॉटचा आकार नव्हे. तो एकटा उडवला तर किती जागा सुटेल, एवढाच त्याचा अर्थ. जे ब्लॉक दोन किंवा अधिक स्नॅपशॉटांत आहेत ते कुणाच्याच `USED` मध्ये धरले जात नाहीत, कारण एकाला उडवलं तरी दुसरा ते धरूनच असतो. १ मेचे दोघं एकाच क्षणी घेतलेले, आतून सारखे, म्हणून दोघांसमोर शून्य. आपले व्हिडिओ २९ स्नॅपशॉटांत सामाईक, म्हणून ते कुणाच्याच नावावर नाहीत. ही सामाईक जागा फक्त एकूण `USEDSNAP` मध्ये दिसते.

मग व्हिडिओ कुठून कुठपर्यंत अडकले आहेत हे कसं ओळखायचं? शेजारच्या `REFER` रकान्यावरून. त्या स्नॅपशॉटच्या क्षणी डेटासेटमध्ये एकूण किती डेटा दिसत होता, ते तो सांगतो.

```
tank/ghar@daily-2025-04-20    212M  2.02T
tank/ghar@daily-2025-04-21   48.1M  3.12T
```

२.०२ वरून एका रात्रीत ३.१२. उडी नेमकी १.१ टीबीची. म्हणजे आपला पल्ला २१ एप्रिलपासून सुरू होतो, आणि शेवटचा स्नॅपशॉट बिन रिकामी होण्याआधीच्या मध्यरात्रीचा, १८ मेचा.

दादाचं समाधान व्हावं म्हणून मी त्याच्या दोन्ही कल्पना आधी करून बघितल्या, पण काहीही न पुसता. `zfs destroy` ला `-n` जोडलं की ती फक्त तालीम करते, आणि `-v` जोडलं की किती जागा सुटेल ते सांगते. डिसेंबर २०२४ चा सगळ्यात जुना मासिक स्नॅपशॉट उडवला तर सुटणार होते ६.२ जीबी. साहजिक होतं, व्हिडिओ तेव्हा आलेच नव्हते. सगळ्यात मोठ्या `USED` चा उडवला तर ९.८ जीबी. मग पूर्ण पल्ला:

```
zfs destroy -nv tank/ghar@daily-2025-04-21%daily-2025-05-18
```

उत्तराची शेवटची ओळ होती `would reclaim 1.14T`. टक्क्याच्या खुणेचा अर्थ ‘इथपासून इथपर्यंत, दोन्ही धरून’. पण एक गोष्ट नीट वाचावी लागते. हा पल्ला नावांवरून ठरत नाही, स्नॅपशॉट कधी घेतले त्या क्रमावरून ठरतो. मी दोन्ही टोकांना `daily` लिहिलं होतं, तरी मधला `monthly-2025-05-01` पण यादीत आला होता. कुणी मोठ्या कामाआधी हाताने घेऊन ठेवलेला एखादा स्नॅपशॉट मध्ये असेल तर तोही असाच गुपचूप जाईल. तालमीची यादी एकेक ओळ वाचायची ती यासाठी.

“मासिक तेवढा राहू दे की,” दादा म्हणाला. “एकच तर आहे.” मी तो वगळून परत तालीम केली. १.१४ टीबीच्या जागी आले ३८.६ जीबी. एकच राहिला, पण व्हिडिओचे सगळे ब्लॉक त्या एकाने धरले, आणि बाकीचे २८ जाऊनही हाती जवळपास काही लागलं नाही. सामाईक डेटा शेवटचा धरणारा जातो तेव्हाच सुटतो. हे त्या दोन आकड्यांनी दादाला जेवढं पटलं तेवढं माझ्या बोलण्याने पटलं नसतं.

उडवण्याआधी आत काय आहे ते

आता आमच्यापुढे असलेली गोष्ट सोपी दिसत असली तरी धोक्याची होती. स्नॅपशॉट फक्त वाचता येतो, त्यातून एक फोल्डर वेगळा काढून पुसता येत नाही. व्हिडिओंची जागा हवी असेल तर ते २८ दिवस पूर्ण द्यावे लागतात. घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक फाइलच्या त्या दिवसांतल्या जुन्या आवृत्त्या त्यांच्याबरोबर जाणार. आणि स्नॅपशॉट उडवला की तो कुठल्याही बिनमध्ये जात नाही.

म्हणून पहिला प्रश्न व्हिडिओंचाच. ते यूएसबी डिस्कवर पूर्ण पोचलेत का? दादाने चार-पाच व्हिडिओ उघडून बघितले होते. तेवढ्यावर १.१ टीबी पुसायला माझा हात धजेना. १८ मेच्या मध्यरात्रीच्या स्नॅपशॉटमध्ये बिन अजून भरलेलीच होती, त्यामुळे मूळ व्हिडिओ तिथे जसेच्या तसे होते. डेटासेटच्या मुळाशी `.zfs` नावाचा फोल्डर असतो. तो यादीत दिसत नाही, पण नाव टाइप केलं की उघडतो. तिथून तुलना लावली:

```
rsync -rcn --out-format='%n' \
  /tank/ghar/.zfs/snapshot/daily-2025-05-18/.recycle/dada/video/ \
  /mnt/usb/video/
```

`-c` मुळे फाइली आतून तपासल्या जातात आणि `-n` मुळे काहीही कॉपी होत नाही. ज्या फाइली पलीकडे नाहीत किंवा वेगळ्या आहेत त्यांचीच नावं छापली जातात. दोन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणून जवळजवळ तीन तास गेले. शेवटी पडद्यावर तीन नावं आली. तिन्ही एका खोल फोल्डरातली, लांबलचक नावांची. विंडोजने कॉपी करताना नाव फार लांब असल्याची तक्रार केली असणार आणि दादाने ‘वगळा’ दाबलं असणार. त्याला आठवत नव्हतं. ते त्याच्या मुलीच्या पहिल्या वर्षातले व्हिडिओ होते. ते मी स्नॅपशॉटमधून थेट यूएसबी डिस्कवर कॉपी केले आणि तुलना त्या फोल्डरापुरती परत चालवली. या वेळी काहीच छापलं गेलं नाही.

दुसरा प्रश्न बिनचा. दादाने व्हिडिओ उडवायला बिन उघडली, पण रिकामी केली ती सगळ्यांची. त्यात आणखी काय होतं? याचं उत्तर मिळवणं सोपं असतं. बिन रिकामी होण्याआधीचा शेवटचा स्नॅपशॉट आणि आत्ताची स्थिती यांतला फरक काढायचा आणि त्यातलं ‘गेलेलं’ तेवढं बघायचं:

```
zfs diff tank/ghar@daily-2025-05-18 tank/ghar | grep '^-' | grep -v '/video/'
```

शंभरेक ओळी आल्या. बहुतेक तात्पुरत्या फाइली, पण मध्येच `.recycle/vahini/scan/` खाली अकरा पीडीएफ. मी वहिनींना फोनवर घ्यायला सांगितलं. “वहिनी, तुमच्या स्कॅन फोल्डरमधल्या फाइली तुम्ही मुद्दाम काढल्या होत्या का?” त्या क्षणभर थांबल्या. “नाही हो. मी तो फोल्डर दुसरीकडे हलवत होते. हलवला असं वाटलं.” त्या सगळ्यांच्या प्रमाणपत्रांच्या स्कॅन होत्या. ९ मेला त्या बिनमध्ये गेल्या होत्या आणि त्या दिवशी सकाळी दादाच्या हातून बिनमधूनही गेल्या. त्या १८ मेच्या स्नॅपशॉटमधून `/tank/ghar/parat` नावाच्या नव्या फोल्डरात काढून ठेवल्या.

तेवढ्यात वहिनींना आणखी एक आठवलं. “तुम्ही बघताच आहात तर, ती हिशोबाची शीट. त्यात एप्रिलच्या नोंदी मला सापडत नाहीयेत.” ही फाइल बिनमध्ये कधीच नव्हती. ती डिलीट झाली नव्हती, त्याच नावाने तिच्यावर दुसरं काही सेव्ह झालं होतं. डिलीट केलेली वस्तू बिन पकडते, जुन्यावर नवं लिहिलं तर बिनला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे स्नॅपशॉटच कामी येतो. सगळ्या स्नॅपशॉटांतली तीच फाइल एका ओळीत बघता येते:

```
ls -l /tank/ghar/.zfs/snapshot/*/hishob/2025.xlsx
```

५ मेपर्यंत आकार हळूहळू वाढत ४१२ केबीपर्यंत गेलेला. ६ मेला तोच. ७ मेपासून एकदम ९६ केबी. म्हणजे घोटाळा ६ मेच्या दिवसभरात कधीतरी झालेला. ६ मेच्या मध्यरात्रीची प्रत `parat` मध्ये वेगळ्या नावाने ठेवली. वहिनींनी उघडून बघितली, एप्रिल जागेवर होता. आणखी तासाभराने विचारलं असतं तर ती प्रत उरली नसती. स्नॅपशॉटचा मोठा पल्ला उडवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला ‘गेल्या महिन्यात काही हरवलंय का’ असं विचारणं मी आता कमांडइतकंच आवश्यक मानतो. `zfs diff` फाइल बदलली एवढंच सांगतं. तो बदल हवासा होता की नको असलेला, हे तिला वापरणारं माणूसच सांगू शकतं.

तिसरी गोष्ट बॅकअपची. दादाकडे बॅकअपची वेगळी डिस्क आहे, ती तो दुसऱ्या घरी ठेवतो आणि दर रविवारी आणून लावतो. बॅकअप `zfs send -i` ने होतो. म्हणजे मागच्या वेळचा स्नॅपशॉट दोन्हीकडे असेल तर फक्त मधला फरक जातो. मागचा सामाईक स्नॅपशॉट ११ मेचा होता, आणि तो आमच्या उडवायच्या पल्ल्यात बरोबर मध्ये. १८ तारीख रविवारच होती, पण डिस्क अजून यायची होती. डिस्क हाताशी असती तर आधी ताजा बॅकअप घेतला असता आणि प्रश्न मिटला असता. ती नसल्याने बुकमार्क केला:

```
zfs bookmark tank/ghar@daily-2025-05-11 tank/ghar#backup-0511
```

बुकमार्क त्या क्षणाची खूण तेवढी जपतो, डेटा धरून ठेवत नाही. स्नॅपशॉट गेला तरी पुढचा फरक त्या खुणेपासून मोजता येतो. अट एकच, बॅकअपच्या डिस्कवरचा ११ मेचा स्नॅपशॉट जागेवर हवा. हे केलं नसतं तर सामाईक काही उरलं नसतं आणि सगळे २ टीबी पहिल्यापासून पाठवावे लागले असते.

प्रत्यक्ष उडवणं

आधी आजचा ताजा स्नॅपशॉट घेतला, कारण रोजची साखळी एकदम महिनाभर मागे जाणं मला नको होतं. बिन रिकामी झाल्यानंतरचा असल्यामुळे त्याने व्हिडिओंचं काही धरलं नाही. मग तालीम पुन्हा एकदा चालवली, २९ नावं मोजली, आकडा तोच आला. तीच ओळ वरच्या बाणाने परत आणली आणि तिच्यातलं फक्त `n` काढलं. ही सवय मी मुद्दाम ठेवली आहे. ओळ नव्याने टाइप केली की `@` सुटायची भीती असते, आणि `@` शिवायच्या `zfs destroy` ला कुणी `-r` जोडलं तर स्नॅपशॉटांसकट अख्खा डेटासेट जातो.

एंटर दाबला. कमांड लगेच परत आली, पण `AVAIL` होतं तिथेच. दादा फोनवर, “नाही झालं का?” झालं होतं. झेडएफएस स्नॅपशॉट यादीतून लगेच काढतं, ब्लॉक मोकळे करण्याचं काम मात्र मागे चालू राहतं. किती बाकी आहे ते असं दिसतं:

```
zpool get freeing tank
```

आकडा टप्प्याटप्प्याने खाली येत होता. या वेळात परत काही उडवायला जाऊ नये, मशीन बंद करायचीही गरज नसते. मध्येच वीज गेली तरी ते काम पूल परत जोडल्यावर पुढे चालू राहतं. थोड्या वेळाने तो शून्यावर आला. `AVAIL` १.२० टीबी, `USEDSNAP` १७४ जीबी. विंडोजमध्ये डिस्कचा एकूण आकारही परत पहिल्यासारखा दिसू लागला.

इतकं झाल्यावर वेळापत्रकाची दुरुस्ती बाकी होती. मोठे व्हिडिओ आणि घरची कागदपत्रं एकाच डेटासेटमध्ये ठेवणं ही मूळची गफलत होती. स्नॅपशॉटचे दिवस डेटासेटगणिक ठरतात, फोल्डरगणिक नाही. आता `tank/video` वेगळा आहे. त्याचे रोजचे फक्त तीन स्नॅपशॉट राहतात, मासिक नाही. कागदपत्रांचे ३० दिवस आणि सहा महिने होते तसेच. एवढं मात्र ध्यानात ठेवावं लागतं की एका डेटासेटमधून दुसऱ्यात फोल्डर हलवणं म्हणजे सहसा खरी कॉपी असते. नव्याकडे जागा लागते आणि जुन्याकडची स्नॅपशॉट जाईपर्यंत सुटत नाही. भरत आलेल्या डिस्कवर हा खेळ करू नये.

बिनचा वेगळा डेटासेट करून तिला स्नॅपशॉटमधून वगळावं, असा विचार मनात येतो. दादानेही तो बोलून दाखवला. तसं करू नये. साम्बा बिनमध्ये फाइल नाव बदलून सरकवतो, आणि वेगळ्या डेटासेटवर नुसतं नाव बदलून फाइल जात नाही. अशा वेळी साम्बा ती सरळ पुसून टाकतो. लॅपटॉपवर काही वेगळं दिसत नाही, बिन फक्त कायम रिकामी राहते, आणि ते कळतं गरज पडते त्या दिवशी.

बिन आपोआप साफ करणारी ओळही तपासून घेतली. ती फाइलच्या बदलाच्या तारखेवर, म्हणजे `-mtime` वर, चालत असेल तर २०१६ चा फोटो आज डिलीट केला की आज रात्रीच कायमचा जातो, कारण त्याची तारीख २०१६ चीच राहते. आमच्याकडे साम्बात `recycle:touch = yes` आहे, त्याने बिनमध्ये जातानाच्या क्षणाची नोंद वाचनाच्या तारखेत होते, आणि साफसफाई त्या तारखेवर चालते:

```
find /tank/ghar/.recycle -type f -atime +14 -delete
```

पूर्वी इथे ३० होतं, ते १४ केलं. बिनच्या मागे स्नॅपशॉट उभे असताना त्याहून जास्त दिवस लागत नाहीत.

संध्याकाळी उशिरा दादाने बॅकअपची डिस्क आणून लावली. `zfs send -i` ला `tank/ghar#backup-0511` दिला, आणि फरक तेवढाच गेला. त्या डिस्कवरच्या ११ मेच्या स्नॅपशॉटमध्ये व्हिडिओ अजून आहेत. ते महिनाभर तरी तिथे राहू द्यायचे असं ठरलं, आणि वहिनींनी `parat` मधली अकरा पीडीएफ त्यांना हव्या त्या फोल्डरात हलवली, या वेळी पोचल्याची खात्री करून.